दोन पर्याय उरतात तेव्हा

प्रश्न : मी सरळसेवा भरतीची तयारी करते आहे. मराठीच्या पेपरात विस्कटलेल्या वाक्यांचा परिच्छेद लावायचा प्रश्न आला की माझी चार-पाच मिनिटं तिथेच जातात. आधी पहिलं वाक्य शोधते, मग सगळं पुन्हा पुन्हा वाचते. शेवटी दोन पर्याय उरतात, दोन्ही बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. ‘हा, ते, म्हणून, पण असे शब्द बघ’ असं सगळे सांगतात. पण बघून करायचं काय, हे कुणी सांगत नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : पहिले वाक्य शोधणे आधी सोडून द्या. ते सर्वांत शेवटी सापडले तरी चालते, आणि बहुतेक वेळा ते आपोआप उरते. सुरुवात जोड्यांपासून करायची. कोणती दोन वाक्ये एकमेकांना इतकी घट्ट चिकटली आहेत की त्यांच्यामध्ये तिसरे घुसूच शकत नाही, एवढेच पहिल्या वाचनात पाहायचे. सहा वाक्ये ७२० प्रकारे लावता येतात. त्यातली एक जोडी पक्की झाली की १२० प्रकार उरतात, दुसरीही पक्की झाली की २४. परीक्षेत तर पर्याय चारच असतात, त्यामुळे एका खात्रीच्या जोडीने त्यातले एक-दोन बऱ्याचदा तिथेच बाद होतात.

जोडी सापडते ती उधारीवरून. ‘तो, ती, ते, हा, ही, हे, त्याचा, तिचा, तिथे, तेव्हा, असा’ यांपैकी कोणताही शब्द वाक्यात आला की ते वाक्य दुसऱ्या कुणाचे तरी देणे लागते. ज्याच्याकडून उसने घेतले ते वाक्य आधी यायला हवे. इथवर सगळे सांगतात. पुढचा भाग असा, की मराठीत या उधारीवर सावकाराचे लिंग आणि वचन लिहिलेले असते. इंग्रजीत विहीर, गाळ आणि तळे या तिघांनाही ‘इट’च म्हणावे लागते. मराठीत तिघांची सर्वनामे वेगळी आहेत.

ही तीन वाक्ये पाहा. ‘तो शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत पसरला.’ ‘तिच्यातून चार ट्रॅक्टर गाळ निघाला.’ ‘गावाने एक तळे खोदले आणि जुनी विहीर उपसली.’ इथे एकही जोडशब्द नाही, तरी क्रम एकच होतो. ‘तिच्यातून’ला स्त्रीलिंगी एकवचनी नाम हवे, आणि तसे नाम विहीर एवढेच आहे. ‘तो’ला पुल्लिंगी नाम हवे, म्हणजे गाळ. तळे नपुंसकलिंगी असल्यामुळे ते दोन्हीकडून बाद होते. शेतीची काहीच माहिती नसली तरी तिसरे, दुसरे, पहिले हा क्रम लागतो.

म्हणून सर्वनामाला नुसता गोल करून थांबू नका. गोलाच्या वर पेन्सिलने ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘नपुं.’ आणि ‘ए.’ किंवा ‘अ.’ असे लिहा. मग उरलेल्या वाक्यांत त्या खुणेला जुळणारी नामे किती आहेत ते मोजा. एकच असेल तर जोडी झाली. दोन असतील तर निर्णय पुढे ढकला आणि दुसऱ्या सर्वनामाकडे जा.

काही रूपे मात्र फसवी असतात आणि प्रश्न काढणारे त्यांचा पुरेपूर फायदा घेतात. ‘ते कोसळले’ या दोन शब्दांत घर कोसळले असेल, खांब कोसळले असतील किंवा आदराने उल्लेखलेले एखादे गृहस्थही. तिन्हींचे भूतकाळी रूप एकच. ‘ती वाळली’ म्हणजे एक फांदी वाळली की सगळी झाडे वाळली, हेही त्या वाक्यावरून कळत नाही. अशा वेळी क्रियापदाला ‘आहे’ लागले आहे की ‘आहेत’, किंवा ‘वाळते’ आहे की ‘वाळतात’, हे पाहायचे. तिथे वचन उघडे पडते. विभक्ती लागल्यावर तर ‘तो’ आणि ‘ते’ एकत्रच होतात. ‘त्याचा’ गाळाचा असू शकतो, तळ्याचाही. ‘तिचा’ मात्र कायम स्त्रीलिंगी एकवचनीच. म्हणूनच ‘तिला, तिचा, तिच्यातून’ ज्या वाक्यात आहेत ते आधी हाताळा आणि ‘त्याचा, त्यांचा’वाली वाक्ये मागे ठेवा. ‘त्या’ हे रूप एकटे आले तर स्त्रीलिंगी अनेकवचन किंवा आदर. पण ‘त्या घरात’, ‘त्या दिवसाला’ असे नामाच्या आधी आले तर त्यातून लिंग कळत नाही. तिथे ‘घर’ किंवा ‘दिवस’ हे नाम आधी कुठे येऊन गेले आहे, तेच शोधायचे.

‘हा’ आणि ‘तो’ यांतला फरकही उपयोगी पडतो. ‘हा, ही, हे, या’ सहसा लगेच आधीच्या वाक्याकडे बोट दाखवतात. ‘तो, ती, ते’ एखादे वाक्य ओलांडूनही मागे जाऊ शकतात. त्यामुळे ‘ही पद्धत’, ‘या निर्णयामुळे’, ‘या मताला’ असे शब्द जोडी ठरवायला अधिक भरवशाचे. यात एक गंमत असते. ‘या निर्णयामुळे’ असे लिहिलेले असते, पण बाकीच्या कोणत्याच वाक्यात ‘निर्णय’ हा शब्द नसतो. तुम्ही तो शब्द शोधत बसता आणि वेळ जातो. शोधायचा असतो तो निर्णय. ‘ग्रामसभेने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचे ठरवले’ हे वाक्यच तो निर्णय आहे. मत, निर्णय, बदल, अडचण, पद्धत, घटना ही नामे आधीचे अख्खे वाक्य गुंडाळून घेतात.

आता जोडशब्द. त्यांची यादी पाठ करून फारसे होत नाही. प्रत्येक जोडशब्दाला आधीच्या वाक्यात काय हवे असते, ते विचारावे लागते. सगळ्यांचे बोलत नाही, नेहमी अंक घालवणाऱ्या तिघांचे पाहू.

पहिला ‘मात्र’. तो वाक्याच्या सुरुवातीला क्वचित येतो. ज्या शब्दाला विरोध दाखवायचा असतो, त्या शब्दाला तो चिकटतो. ‘कोकणात मात्र’ असे असेल तर आधी दुसऱ्या एखाद्या प्रदेशाची गोष्ट झालेली असते. ‘मुलींनी मात्र’ असेल तर मुलांची किंवा आणखी कुणाची. ‘यंदा मात्र’ असेल तर गेल्या वर्षाची. म्हणजे ‘मात्र’ पाहिल्यावर त्याच्या आधीचा शब्द वाचा आणि त्याच जातीचा दुसरा शब्द कुठे आहे ते शोधा. स्थळाला स्थळ, काळाला काळ, माणसाला माणूस. ‘पण’ आणि ‘परंतु’ इतके नेमके सांगत नाहीत. ते फक्त विरोध आहे एवढेच कळवतात.

दुसरे शब्दाला जोडून येणारे ‘ही’. हे वाचताना डोळ्यांखालून निसटते, कारण ते वेगळा शब्द म्हणून दिसतच नाही. ‘साताऱ्यातही हा प्रयोग झाला’ यातल्या ‘ही’चा अर्थ असा, की आधी दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी तो प्रयोग झाला आहे. हे वाक्य पहिले असण्याची शक्यता जवळजवळ संपते. ‘सुद्धा’ आणि ‘देखील’ यांचे काम तेच, पण ते दिसतात तरी.

तिसरी ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांची दिशा. ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ने सुरू होणाऱ्या वाक्याच्या आधी कारण येते. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्याच्या आधी परिणाम येतो. पण आधीच्या वाक्यात कारण असणे पुरेसे नाही. ते पुरेसे कारण असावे लागते. खालच्या उदाहरणात हे नीट दिसेल. ‘म्हणून’चा एक सापळाही इथेच सांगायला हवा. ‘हा किल्ला जलदुर्ग म्हणून ओळखला जातो’ यातला ‘म्हणून’ मागच्या वाक्याशी काहीही जोडत नाही. त्याला गोल करू नका. तसेच ‘जे गाव पाणी अडवते ते टँकर मागत नाही’ यातल्या ‘ते’ची उधारी त्याच वाक्यातल्या ‘जे’ने फेडली आहे. ‘जर–तर’ आणि ‘जरी–तरी’ यांचेही तसेच. घरातल्या घरात मिटलेले व्यवहार बाहेर शोधायचे नाहीत.

आता एक पूर्ण प्रश्न सोडवू. विषय लोणारचा.

अ) ही काच ज्वालामुखीच्या उष्णतेने नव्हे, तर प्रचंड आघाताच्या दाबाने तयार होते.
ब) ते ज्वालामुखीमुळे तयार झाले असावे, असे पूर्वी अनेक अभ्यासकांना वाटत असे.
क) या विवरात आज खारट, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे.
ड) बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक गोलाकार विवर आहे.
इ) त्यामुळे जुने मत मागे पडले आणि अवकाशातून येऊन आदळलेल्या वस्तूमुळे हे विवर झाले, हे मान्य झाले.
फ) १९७०च्या दशकात मात्र तेथील खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच आढळली.

पर्याय : १) ड क ब फ अ इ  २) ड ब फ अ इ क  ३) ड ब अ फ इ क  ४) फ अ ड ब इ क

पहिल्या वाचनात सर्वांत घट्ट शब्द कोणता? ‘ही काच’. ‘काच’ हे नाम बाकीच्या वाक्यांत एकदाच येते, फमध्ये, आणि तिथे ‘मॅस्केलिनाइट नावाची काच’ अशी तिची ओळख करून दिली आहे. नव्या गोष्टीची ओळख ‘नावाचा’, ‘एक’, ‘एका’ अशा शब्दांनी होते, आणि पुढच्या वाक्यात तीच ‘हा’ किंवा ‘ही’ लावून येते. फ-अ ही जोडी पक्की. पर्याय ३ गेला, कारण त्यात अ आधी आहे.

दुसरा शब्द फमधला ‘मात्र’. त्याच्या आधी ‘१९७०च्या दशकात’ आहे, म्हणजे काळ. दुसरा काळ कुठे आहे? बमध्ये ‘पूर्वी’. तेव्हा ब आधी, फ नंतर. पर्याय ४ मध्ये फ अगदी सुरुवातीला आहे, तो गेला. शिवाय फमधल्या ‘तेथील’ला एखादे ठिकाण हवे होते, आणि पहिल्या वाक्याआधी कोणतेच ठिकाण नसते.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. आता १ आणि २ उरले, आणि तुमची तक्रार नेमकी इथलीच आहे. अशा वेळी दोन्ही पर्याय अथपासून इतिपर्यंत वाचायचे नसतात. दोघांत फरक कुठे आहे, तेवढेच पाहायचे. इथे फरक फक्त क या वाक्याच्या जागेचा आहे. ते डच्या मागोमाग येते की शेवटी?

कमध्ये ‘या विवरात’ आहे. ‘विवर’ डमध्ये आहे आणि इमध्येही आहे. म्हणजे कची स्वतःची उधारी दोन्ही जागी फिटते. कला विचारून उत्तर मिळणार नाही, म्हणूनच दोन्ही पर्याय बरोबर वाटतात. अशा वेळी आगंतुक वाक्याला विचारू नका. ते जिथे घुसते तिथल्या शेजाऱ्याला त्रास होतो का, ते बघा. पर्याय १ मध्ये क हे ड आणि ब यांच्या मध्ये शिरते. बची सुरुवात ‘ते’ने होते. ‘ते ... तयार झाले असावे’, म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. डनंतर लगेच ब वाचले तर ‘ते’ म्हणजे ‘विवर’, दुसरे कुणी असूच शकत नाही. मध्ये क टाकले की ‘ते’च्या सर्वांत जवळ ‘सरोवर’ येते, तेही नपुंसकलिंगी एकवचनी. वाचणारा ‘सरोवर ज्वालामुखीमुळे तयार झाले’ असे वाचतो, आणि पुढे इमध्ये अचानक ‘हे विवर झाले’ असे येते. मत एका गोष्टीबद्दल आणि ते खोडले दुसऱ्याच गोष्टीबद्दल, असे होऊन बसते. क शेवटी नेले तर कुणाचीच जोडी मोडत नाही. उत्तर २.

आता ‘पुरेसे कारण’ या मुद्द्याकडे. ‘त्यामुळे जुने मत मागे पडले’ हे इ वाक्य फच्या मागे ठेवून बघा : काच आढळली, त्यामुळे जुने मत मागे पडले. व्याकरण निर्दोष आहे. पण नुसती काच सापडल्याने मत का मागे पडावे? ज्वालामुखीच्या खडकातही काच असतेच. ही विशिष्ट काच आघाताच्या दाबाने होते, हे कळल्यावरच मत मागे पडते, आणि ते कारण अमध्ये आहे. म्हणून अ-इ. ‘त्यामुळे’च्या आधीचे वाक्य ठरवताना ‘एवढ्यावरून हे का व्हावे?’ असे विचारले की खोटी जोडी उघडी पडते.

आणि पहिले वाक्य? ते शोधावे लागलेच नाही. ड सोडून प्रत्येक वाक्यात काहीतरी उधार आहे : ‘ही’, ‘ते’, ‘या’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’ आणि ‘तेथील’. डमध्ये जिल्हा, गाव, खडक, आकार सगळे रोख आहे, आणि ‘एक’ लावून विवराची नव्याने ओळख करून दिली आहे. पहिल्या वाक्याची ओळख ही अशीच, त्यात काय नाही यावरून करायची. ‘सामान्य विधान असेल ते पहिले’ हा शिकवणीत ऐकू येणारा नियम फार विश्वासाचा नाही. सामान्य विधान निष्कर्ष म्हणून शेवटीही येते, आणि नेमकी तीच जागा फसवण्यासाठी वापरतात. माणसाच्या नावाची खूण त्यापेक्षा बरी. पूर्ण नाव किंवा हुद्दा आधी येतो, नुसते आडनाव किंवा ‘त्यांनी’ नंतर.

या पद्धतीची मर्यादाही माहीत असू द्या. ललित गद्यात लेखक मुद्दाम ‘तो त्या रात्री परतलाच नाही’ असे पहिलेच वाक्य लिहितो आणि ‘तो’ कोण हे पुढे सांगतो. ‘हे लक्षात ठेवा :’ यातला ‘हे’ही पुढचे दाखवतो, मागचे नाही. माहितीपर उताऱ्यांत असे फार थोडे होते. कथेचा उतारा असेल तर सर्वनामाऐवजी घटनेच्या क्रमावर जास्त भिस्त ठेवा. दार उघडल्याशिवाय आत जाता येत नाही, इतक्या साध्या पातळीवर.

वेळेचे म्हणाल तर पाच मिनिटे जातात ती पुनर्वाचनात. सहाही वाक्ये एकदाच पूर्ण वाचा, आणि वाचतानाच गोल व लिंगवचनाच्या खुणा करा. प्रश्न संगणकावर असेल तर कच्च्या कागदावर ‘ब–ते–नपुं.ए.’ एवढेच लिहा. मग सर्वांत घट्ट जोडी धरा आणि लगेच पर्यायांकडे जा. पर्याय शेवटी बघायचे असतात, हा समज सोडा. दोन उरले की फरकाची जागा तेवढी तपासा.

घरी सरावासाठी तयार प्रश्नसंच संपले असतील तर वर्तमानपत्रातला एखादा माहितीपर परिच्छेद घ्या. त्यातली पाच-सहा वाक्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि दोन दिवसांनी, मूळ मजकूर विसरल्यावर लावा. प्रत्येक सांध्यावर तो सांधा कोणत्या शब्दामुळे लागला ते लिहा. ‘अर्थावरून’ असे लिहायची वेळ आली तर थांबा. एक तर तुमच्या नजरेतून ‘ही’सारखी बारीक खूण सुटली आहे, नाहीतर ते वाक्य लोणारच्या कसारखे मोकळे आहे. मोकळे असेल तर ते बाकीच्या प्रत्येक फटीत ठेवून बघा आणि कुठल्या फटीत कोणते सर्वनाम बिघडते ते टिपा. लोणारच्याच प्रश्नात क हे फ आणि अ यांच्या मध्ये ठेवून पाहा. ‘ही काच’चे काय होते, ते तुम्हाला लगेच दिसेल.